काडी दिसली, बेदाणा दिसला नाही: तासगावच्या प्रतवारी पट्ट्यावरचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

तासगाव तालुक्यातल्या एका बेदाणा प्रक्रिया युनिटमध्ये धुतलेला, चाळलेला माल पट्ट्यावरून पुढे सरकतो आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका हाताने निवड करतात. काळपट दाणे, काडी न सुटलेले दाणे आणि क्वचित येणारा खडा असे तीन प्रकार वेगळे काढावे लागतात. हंगामात माणसे कमी पडू लागली, म्हणून मालकांनी पट्ट्यावर कॅमेरा आणि पुढे हवेचे नोझल बसवायचे ठरवले. कॅमेऱ्याने खराब दाणा ओळखायचा आणि तो नोझलखाली आला की हवेच्या झोताने बाजूला उडवायचा, अशी कल्पना. प्रणालीचे काम सांगलीतल्या एका छोट्या टीमकडे होते. युनिट आणि टीम यांची नावे येथे दिलेली नाहीत.

खराब दाणा ओळखणाऱ्या मॉडेलला एका वेळी पट्ट्याचा किती भाग दिसतो, हा या प्रकरणाचा मुख्य प्रश्न, आणि त्याचा सगळा हिशेब काही मापांवर उभा आहे. कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटर रुंदी दिसते आणि ती १६०० पिक्सेलमध्ये मावते, म्हणजे एक पिक्सेल पाव मिलिमीटरचा. दाणे पट्ट्याच्या मधल्या ३६० मिलिमीटरमध्येच राहतात. साधारण बेदाणा १६ मिलिमीटर लांब आणि ८ रुंद, म्हणजे चित्रात ६४ बाय ३२ पिक्सेल. त्याला चिकटलेली काडी जेमतेम एक मिलिमीटर जाड, म्हणजे चार पिक्सेल. नोझल दर ८ मिलिमीटरला एक. पट्ट्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर.

पहिले मॉडेल आणि सामायिक वेट

चित्रावर छोट्या चौकटी फिरवून खुणा शोधणारे सुरुवातीचे कन्व्होल्यूशन नेटवर्क लहान होते. ३×३ चे दोन लेयर, मग दर चार किमतींतली मोठी तेवढी ठेवणारे २×२ चे मॅक्स पूलिंग, पुन्हा ३×३ चे दोन लेयर, पुन्हा पूलिंग, मग ३×३ चा आणखी एक लेयर आणि शेवटी उरलेल्या जाळीतल्या प्रत्येक घरासाठी निकाल देणारा १×१ लेयर. निकाल पाच प्रकारचा: रिकामा पट्टा, चांगला, काळपट, काडी, खडा. चॅनेल, म्हणजे लेयर प्रत्येक जागी नोंदवतो त्या खुणा, १६ पासून ६४ पर्यंत वाढत जात होते आणि एकूण वेट, म्हणजे शिकवणीतून ठरणाऱ्या संख्या, सुमारे साडेपस्तीस हजार होते.

एवढ्या मोठ्या चित्राला एवढे थोडे वेट पुरतात, कारण ते सामायिक असतात. पहिल्या लेयरमध्ये ३×३ चे, तीन रंगांवर चालणारे १६ कर्नल, म्हणजे चित्रावर फिरणाऱ्या वेटच्या चौकटी, आहेत. बायस धरून एकूण ४४८ संख्या होतात. १६०० बाय ४०० पिक्सेलच्या चित्रात सहा लाख चाळीस हजार जागा आहेत आणि प्रत्येक जागी त्याच ४४८ संख्या वापरल्या जातात. प्रत्येक जागेला स्वतंत्र संच दिला असता तर एकट्या पहिल्या लेयरमध्ये २८ कोटींहून जास्त वेट झाले असते. डाव्या कडेला शिकलेली काडी उजव्या कडेला पुन्हा शिकवावी लागली असती, ते वेगळेच. सामायिक वेटमुळे पट्ट्यावर कुठेही चिन्हांकित केलेला दाणा त्याच कर्नलला शिकवतो, म्हणून थोड्या चित्रांवरही काम भागते.

याच गुणाची दुसरी बाजू टीमला पहिल्याच आठवड्यात दिसली. पट्ट्याच्या दोन्ही कडांना चांगले दाणे काळपट ठरत होते. एलईडी पट्टीचा उजेड मध्यभागी जास्त आणि कडेला कमी होता. कर्नलला आपण पट्ट्यावर कुठे आहोत हे कळत नाही. मधल्या अंबर रंगाला आणि कडेच्या मंद अंबर रंगाला तो एकच मोजपट्टी लावतो. कडांसाठी वेगळे मॉडेल करावे, अशी एक सूचना आली. ती घेतली नाही, आणि ते बरोबरच झाले. वेगळे मॉडेल म्हणजे सामायिकपणा मोडून शिकवण्याचा माल तिघांत वाटून टाकणे. त्याऐवजी पट्ट्यावर पांढरा मॅट कागद अंथरून फोटो घेतला आणि येणारे प्रत्येक चित्र पिक्सेलगणिक त्या फोटोने भागले. एकाच वस्तूची किंमत सगळीकडे सारखी दिसेल, एवढी काळजी घेतली तरच सामायिक वेट न्यायाने वागतात. ही दुरुस्ती कॅमेऱ्याकडेच व्हायला हवी. नेटवर्कमध्ये ती शोधत बसण्यात अर्थ नाही.

खरी अडचण

उजेड सुधारल्यावरही काडीच्या चुका उरल्या. चांगल्या दाण्याच्या सुरकुतीवर उजेड पडला की तिथे फिकट, अरुंद रेघ दिसते आणि मॉडेल तिला काडी म्हणायचे. दोन दाणे एकमेकांना टेकले की मधली सावली काळपट दाणा ठरायची. शिकवणीचे फोटो वाढवले, चॅनेल दुप्पट केले, तरी या दोन चुका हलल्या नाहीत.

निवड करणाऱ्या बायकांच्या मुकादम मावशींना चुकांचे फोटो दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “काडी बघायची तर टोकाला बघा की, पोटाला काय बघताय?” काडी असते ती दाण्याच्या टोकाला. पोटावरची रेघ ही सुरकुतीच. हे ठरवायला दाण्याचे टोक कुठे आहे हे दिसावे लागते. प्रश्न असा होता की नेटवर्कला टोक दिसत होते का?

निकालाच्या एका घरावर मूळ चित्रातला जेवढा चौकोन परिणाम करू शकतो, त्याला रिसेप्टिव्ह फील्ड म्हणतात. त्याचा हिशेब चार ओळींचा आहे. प्रत्येक लेयरच्या कर्नलची रुंदी `k` आणि स्ट्राइड, म्हणजे कर्नल एका वेळी जितकी घरे पुढे सरकतो ते अंतर, `s` घ्यायचे. `r` हे रिसेप्टिव्ह फील्ड, आणि `j` म्हणजे त्या लेयरमधल्या शेजारच्या दोन घरांमधले मूळ पिक्सेलमधले अंतर.

```python
r, j = 1, 1
for k, s in layers:
    r += (k - 1) * j
    j *= s
```

पहिल्या मॉडेलचे आकडे असे येतात: दोन लेयरनंतर ५, पूलिंगनंतर ६ आणि अंतर २. पुढच्या दोन लेयरनंतर १४, दुसऱ्या पूलिंगनंतर १६ आणि अंतर ४. शेवटच्या ३×३ नंतर २४. म्हणजे एका घराला २४ पिक्सेल, अर्थात ६ मिलिमीटरचा चौकोन दिसत होता. दाण्याची रुंदीच ८ मिलिमीटर. दाण्याच्या पोटाच्या मध्यावर असलेल्या घराला ना टोक दिसत होते, ना दोन्ही कडा. त्याला दिसत होती फक्त तांबूस पृष्ठभागावरची एक रेघ. त्या चौकोनापुरते पाहिले तर सुरकुती आणि काडी यांत फरक करण्यासारखे काही नव्हतेच, म्हणून कितीही फोटो घातले तरी उपयोग शून्य. चॅनेल वाढवूनही काही झाले नाही, कारण चॅनेलमुळे वेट वाढतात, `r` तेवढाच राहतो.

या हिशेबात एक गोष्ट नजरेतून निसटते. स्ट्राइड किंवा पूलिंग स्वतः रिसेप्टिव्ह फील्ड फारसे वाढवत नाही. २×२ पूलिंगने पहिल्यांदा फक्त एका पिक्सेलची भर पडली. त्याचा परिणाम पुढच्या लेयरवर होतो, कारण `j` दुप्पट झाल्यावर तोच ३×३ कर्नल मूळ चित्रात दुप्पट अंतर झाकतो. अंतर १ असताना एका लेयरने २ पिक्सेल मिळतात, अंतर ८ असताना १६. वेट मात्र तेवढेच लागतात.

कोणते पर्याय होते

टीमने लक्ष्य ठरवले की काडीच्या घराला चारही बाजूंनी साधारण १० मिलिमीटर दिसावे, म्हणजे सुमारे ८० पिक्सेलचे रिसेप्टिव्ह फील्ड. तिथे पोहोचायचे चार रस्ते होते.

चित्रच निम्मे करणे सर्वांत स्वस्त. पण मग काडी दोन पिक्सेलची उरते, आणि रिसेप्टिव्ह फील्ड फक्त १२ मिलिमीटर होते. हा पर्याय कागदावरच सुटला. स्ट्राइड न वाढवता ३×३ चे लेयर रचत जाणे दुसरा रस्ता. अंतर ४ असताना दर लेयरला ८ पिक्सेल मिळतात, म्हणजे आणखी सात लेयर लागतात, आणि तेही मोठ्या फीचर मॅपवर, म्हणजे घरांच्या मोठ्या जाळीवर, चालवायचे.

तिसरा रस्ता डायलेशनचा. कर्नलच्या नऊ बिंदूंमध्ये जागा सोडली की वेट तेवढेच राहतात आणि पोहोच वाढते. अंतर ४ वर डायलेशन २ दिले तर १६ पिक्सेल, ४ दिले तर ३२ पिक्सेल मिळतात. २४ वरून ४०, मग ७२, आणि शेवटी एक साधा लेयर लावून ८०. निकालाचे घर एक मिलिमीटरचेच राहते, हा मोठा फायदा. अडचण अशी की फीचर मॅप ४०० बाय १०० घरांचा राहतो. ६४ चॅनेलच्या एका लेयरला एका चित्रामागे सुमारे १४७ कोटी गुणाकार लागतात. अंतर ८ केले तर घरे चौथा हिस्सा होतात आणि तोच लेयर ३७ कोटींत उरकतो. पट्ट्याशेजारच्या छोट्या संगणकाला हा फरक परवडणारा नव्हता.

चौथा रस्ता स्ट्राइड वाढवण्याचा. नोझल ८ मिलिमीटरला एक असल्याने एक मिलिमीटरच्या घराची गरजच नव्हती. आठ पिक्सेलचे, म्हणजे दोन मिलिमीटरचे घर पुरेसे होते. एका नोझलखाली बरोबर चार घरे येतात. त्यामुळे एकूण स्ट्राइड ८ हे ठरले. वाद राहिला तो हे आठ कुठे खर्च करायचे यावर.

आधी घाई, मग पुरावा

प्रसिद्ध नेटवर्कच्या सवयीने टीमने आधी सुरुवातीलाच मोठी उडी घेतली. २०१५ च्या रेसनेटसारखी मांडणी: ७×७ कर्नल स्ट्राइड २ ने, लगेच ३×३ मॅक्स पूलिंग स्ट्राइड २ ने. पुढे ३×३ चे दोन लेयर, स्ट्राइड २ चा एक, आणि आणखी दोन. हिशेब ६७ पिक्सेलचा आला. वेग उत्तम होता. पोटावरच्या सुरकुत्या आता काडी ठरत नव्हत्या. पण खऱ्या काड्याच कधी सापडत, कधी नाही. एकच दाणा पट्ट्यावरून सरकताना एका चित्रात काडीवाला, पुढच्या चित्रात चांगला, असे होऊ लागले.

याचे कारण शोधायला केलेली चाचणी सोपी आहे आणि ती आधी करायला हवी होती. पट्ट्याचा एकच लांब फोटो घ्यायचा, त्यातून खिडकी एकेक पिक्सेल सरकवत सोळा तुकडे कापायचे आणि प्रत्येकात मॉडेलने त्याच काडीला दिलेला गुण नोंदवायचा. पट्टा थांबलेला, उजेड तोच, दाणा तोच. तरी गुण खालीवर होत होता, आणि आठ पिक्सेलनंतर तीच लहर पुन्हा येत होती. आठ म्हणजे नेटवर्कचा एकूण स्ट्राइड. दोष उजेडात किंवा हलण्यात असता तर लहरीला हा नेमका काळ मिळाला नसता.

सामायिक वेटमुळे चित्र सरकले की निकालही तेवढाच सरकतो, हे स्ट्राइड १ असतानाच खरे. स्ट्राइड ८ असेल तर ते फक्त आठच्या पटीत सरकण्यापुरते खरे राहते. मधल्या सरकण्यांत काडी घरांच्या जाळीवर कुठे पडते यावर नशीब ठरते. या मांडणीत चार पिक्सेलची काडी पहिल्या लेयरनंतर दोन घरांची आणि पूलिंगनंतर एका घराची उरत होती, तीही तिच्याकडे फक्त एकाच लेयरने पाहिलेले असताना. ज्या फोटोंसाठी ती मांडणी प्रसिद्ध झाली, त्यांत वस्तू बहुधा २२४ पिक्सेलच्या चौकटीचा बराच भाग व्यापते, म्हणून तिथे हे खपून जाते. इथे ओळखायची वस्तूच चार पिक्सेलची होती.

काय केले

मूळ मॉडेलची सुरुवात तशीच ठेवली. पूर्ण रिझोल्यूशनवर ३×३ चे दोन लेयर, पूलिंग, पुन्हा दोन लेयर, पूलिंग, एक लेयर. अंतर १ आणि २ असताना चार लेयर काडी पाहून घेतात. तोवर ‘इथे अरुंद, फिकट, दाण्याबाहेर येणारी वस्तू आहे’ ही माहिती चॅनेलमध्ये शिरलेली असते. त्यानंतर जागेचा बारीकपणा गेला तरी चालतो. मग तिसरे पूलिंग आणि त्यापुढे ६४ चॅनेलचे तीन लेयर, जे टोक, कड आणि शेजारचा दाणा पाहून त्या खुणेचा अर्थ लावतात. रिसेप्टिव्ह फील्ड ७६ झाले. वेट साडेपस्तीस हजारांवरून सुमारे एक लाख सेहेचाळीस हजार झाले.

दुसरा बदल पूलिंगमध्ये केला. साधे मॅक्स पूलिंग दोन बाय दोनच्या ठरलेल्या गटांतून मोठी किंमत उचलते. चित्र एक पिक्सेल सरकले की गटच बदलतात. त्याऐवजी मॅक्स स्ट्राइड १ ने घेतले, त्यावर १-२-१ असा ठरलेला पुसट कर्नल फिरवला आणि मगच एकाआड एक घर सोडले. या कर्नलला शिकायचे वेट नाहीत. त्याने रिसेप्टिव्ह फील्डही वाढते. प्रत्येक ठिकाणी तीन घरांचा कर्नल वाढल्याने हिशेब असा झाला: पहिल्या पूलिंगनंतर ८, दुसऱ्यानंतर २२, तिसऱ्यानंतर ४२, आणि शेवटच्या तीन लेयरनंतर ५८, ७४, ९०. सरकवण्याची चाचणी पुन्हा घेतली तेव्हा लहर पूर्ण गेली नाही, पण एवढी सपाट झाली की काडीचा गुण तिला काडी ठरवण्याच्या उंबरठ्याखाली जात नव्हता.

कागदावरचे ९० पिक्सेल नेटवर्क खरेच वापरते का, हेही तपासले. निकालाच्या एका घराचा ग्रेडियंट, म्हणजे पिक्सेल जरा बदलला तर निकाल किती हलतो याचे माप, मूळ चित्रापर्यंत मागे नेला.

```python
x = img.clone().requires_grad_(True)  # 1 x 3 x 400 x 400
y = net(x)                            # 1 x 5 x 50 x 50
y[0, 3, 25, 25].backward()
g = x.grad.abs().sum(1)[0]
```

मॅक्समधून ग्रेडियंट फक्त जिंकलेल्या पिक्सेलकडे जातो, म्हणून एका चित्राचा नकाशा तुटक येतो. बऱ्याच चित्रांची सरासरी घ्यावी लागते. सरासरीत मध्यभागी दाट आणि कडेकडे झपाट्याने विरळ होणारा ठिपका दिसला. मधल्या पिक्सेलपासून निकालापर्यंत जाणाऱ्या वाटा असंख्य, कोपऱ्यातल्या पिक्सेलपासून मोजक्याच, म्हणून असे होते. काडीला लागणारे टोक आणि जवळची कड दाट भागात येत होती, एवढे पुरले. गरजेइतकेच रिसेप्टिव्ह फील्ड काढून थांबले असते तर ते प्रत्यक्षात अपुरे पडले असते.

वाढलेल्या रिसेप्टिव्ह फील्डची किंमत चित्राच्या कडांना मोजावी लागली. कडेपासून ४५ पिक्सेलच्या आतल्या घरांच्या चौकोनात चित्राबाहेर भरलेले पॅडिंगचे शून्य शिरते. पूर्वी ही पट्टी १२ पिक्सेलची होती, म्हणून कुणाच्या लक्षात आली नव्हती. रुंदीत प्रश्न नव्हता, कारण दाण्यांच्या बाहेर दोन्ही बाजूंना ८० पिक्सेल पट्टाच दिसतो. लांबीत मात्र लागोपाठची चित्रे ९६ पिक्सेल एकमेकांवर चढवली आणि दोन्ही टोकांचे ४८ पिक्सेल निकालातून टाकले. म्हणून ४०० पिक्सेलचे चित्र दर वेळी ३०४ पिक्सेल पुढे सरकते, म्हणजे ७६ मिलिमीटर, म्हणजे १५२ मिलिसेकंदांत एक चित्र. ३०४ ला आठने भाग जातो, त्यामुळे सलग चित्रांच्या जाळ्या एकमेकींवर नेमक्या बसतात.

निष्पत्ती

पोटावरच्या सुरकुत्यांमुळे उडणारे चांगले दाणे जवळपास थांबले. टेकलेल्या दाण्यांची सावली काळपट ठरणेही बरेच कमी झाले, कारण घराला आता दोन्ही दाण्यांचे गोलावे दिसतात. काडी चुकते ती मुख्यतः दाण्याच्या खाली दबलेली असेल तेव्हा. ते कॅमेऱ्यालाच दिसत नाही, तिथे रिसेप्टिव्ह फील्ड काय करणार? म्हणून पट्ट्यानंतर दोन बायकांची हाताने निवड कायम ठेवली आहे. काळ्या द्राक्षांचा बेदाणा आला की ही प्रणाली बंद ठेवतात, कारण तिथे काळा हाच चांगला दाणा.

वेगळे काय करता आले असते

पहिल्याच दिवशी लेयरची यादी मिलिमीटरमध्ये मांडली असती, तर ६ मिलिमीटरच्या झरोक्यातून ८ मिलिमीटरचा दाणा ओळखायचा प्रयत्न झालाच नसता आणि फोटो वाढवण्यात गेलेला वेळ वाचला असता. सरकवण्याची चाचणी पट्ट्यावर चढवण्याआधी, एका स्थिर फोटोवर करता येते. त्यासाठी नोझलही लागत नाहीत.

एक निर्णय अजूनही वादाचा आहे. खडा ओळखायला दाण्याचे टोक लागत नाही, पृष्ठभागाचा पोत पुरतो, आणि बारीक खडे दोन मिलिमीटरच्या एका घरात मावतात. दुसऱ्या पूलिंगनंतरच्या, एक मिलिमीटरच्या घरांवरून खड्यासाठी वेगळा १×१ निकाल काढावा, असे टीममधल्या एकाचे म्हणणे होते. त्याचा खर्च नगण्य आहे. तो केला नाही, कारण शिकवणीच्या फोटोंत खडे फारच थोडे होते आणि वेगळ्या निकालाची परीक्षा घेण्याइतका माल हाताशी नव्हता. पुढच्या हंगामात खडे मुद्दाम मिसळून फोटो घेतले, तर हा प्रयोग सर्वांत आधी करण्यासारखा आहे.